एक बोलतो, छत्तीस ऐकतात

व्हॅटिकनच्या संग्रहालयात शिरताना मराठी गटांचा एक छोटा विधी असतो. सुरक्षा तपासणी आटोपते, टूर मॅनेजर काळी पेटी उघडतो आणि एकेकाच्या हातात काड्यापेटीहून थोडं मोठं एक यंत्र ठेवत जातो. त्याला गळ्यात अडकवायची दोरी असते आणि एकाच कानात घालायचा हुक असतो. "सगळ्यांनी आठ नंबर लावा. काका, तुमचा तीनवर आहे. तो फिरवा." दोन मिनिटं कुजबुज, ठाकठीक, "मला काही ऐकू येत नाही हो" वगैरे चालतं. मग समोर उभ्या असलेल्या इटालियन गाईडबाई ओठांजवळच्या मायक्रोफोनमध्ये जवळजवळ पुटपुटतात आणि छत्तीस माना एकदम हलतात.

अशा वेळी गटातलं एखादं शाळकरी पोर हमखास एक प्रश्न विचारतं. सगळ्यांच्या खिशात फोन आहेत, निम्म्यांच्या पर्समध्ये महागडे ब्लूटूथचे इअरबड्स आहेत. मग हे जुनाट दिसणारं, नंबर फिरवायचं यंत्र कशाला? गाईडच्या फोनला सगळे जोडून टाकले की झालं. टूर मॅनेजर "तसं चालत नाही गं" म्हणून पुढे सरकतो. त्याचं उत्तर बरोबर असतं. पण का चालत नाही, हे त्या पेटीतल्या यंत्रापेक्षा ब्लूटूथकडे नीट पाहिल्यावर जास्त कळतं.

वर्गात हजेरी घेणारे मास्तर आणि देवळात उभे राहिलेले कीर्तनकार यांची तुलना करून पाहावी. मास्तर एकेकाचं नाव घेतात, "हजर" ऐकल्याशिवाय पुढचं नाव घेत नाहीत. कोणी पुटपुटला तर पुन्हा विचारतात. कीर्तनकार हजेरी घेत नाही. समोर चाळीस बसलेत की चारशे, मागच्या खांबाआड कोणी पेंगतंय का, याने त्याचं निरूपण अडत नाही. ज्याच्या कानावर पडेल त्याने ऐकावं. ब्लूटूथ हा मास्तरांचा प्रकार आहे आणि गाईडच्या गळ्यातला ट्रान्समीटर कीर्तनकाराचा.

ब्लूटूथची रचना मुळात दोन यंत्रांच्या संवादासाठी झाली. दोघांची आधी ओळख करून द्यावी लागते, त्यालाच आपण पेअरिंग म्हणतो. मग दोघं मिळून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत बोलतात. कोणती उडी कधी मारायची हे त्या दोघांनाच माहीत असतं. त्यामुळे शेजारच्या माणसाच्या हेडफोनमधलं गाणं आपल्याला ऐकू येत नाही. प्रत्येक उडीच्या मुक्कामात एक बाजू बोलते, दुसरी "पोचलं" किंवा "नाही पोचलं" असं कळवते. न पोचलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो. गाणं ऐकताना आवाज इतका स्वच्छ येतो तो या चोखपणामुळे.

छत्तीस जणांच्या गटात हाच चोखपणा अंगलट येतो. पारंपरिक ब्लूटूथच्या नियमांत एका यजमान यंत्राभोवती एका वेळी सातच सक्रिय पाहुणे बसू शकतात. प्रत्यक्षात बाजारातले बहुतेक फोन आवाज पाठवतात तो एका इअरफोनला, फार तर दोनांना. गाण्याच्या नेहमीच्या दर्जाला सेकंदाला सुमारे ३०० किलोबिट लागतात. प्रत्येक श्रोत्याला हा प्रवाह वेगळा पाठवायचा म्हटलं, तर छत्तीस जणांचे जवळजवळ ११ मेगाबिट होतात आणि पारंपरिक ब्लूटूथची कागदावरची कमाल झेप ३ मेगाबिटची आहे. बोलण्यासाठी दर्जा बराच उतरवला तरी प्रत्येकाची पोचपावती आणि प्रत्येकाचं "पुन्हा पाठव" काही सुटत नाही. मास्तरांनी दर वाक्यानंतर छत्तीस जणांची हजेरी घ्यायची ठरवलं तर धडा कधी संपणार?

दुसरी अडचण उशिराची आहे आणि ती वापरून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. न पोचलेला तुकडा पुन्हा मागवायला सवड हवी, म्हणून ब्लूटूथचे इअरफोन थोडा आवाज साठवून ठेवतात आणि मग ऐकवतात. गाण्यासाठीच्या साध्या जोडणीत हा उशीर १५० ते २५० मिलिसेकंदांचा असतो. घरी बसून गाणी ऐकताना त्याने काही बिघडत नाही. गाईड मात्र समोर उभी असते आणि तिचा खरा आवाजही ऐकू येत असतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर याचा अर्थ, तीन मीटरवर उभ्या असलेल्या बाईंचा आवाज एकदा त्यांच्या तोंडून येणार आणि पुन्हा एकदा, जणू ३४ मीटरवरच्या भिंतीवर आपटून आल्यासारखा, कानातून येणार. साधारण पन्नास मिलिसेकंदांच्या पुढे बोलण्याचा प्रतिध्वनी वेगळा जाणवू लागतो आणि शब्द शब्दावर चढतो. पुढच्या रांगेत हौसेने उभे राहणारे काका दहा मिनिटांत डोकं धरून बसतील.

गळ्यातल्या साध्या एफएम यंत्रात हा उशीर जवळजवळ नसतोच. जरा महागड्या डिजिटल यंत्रांत तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. त्यासाठी ती यंत्रं पुन्हा मागण्याचा हक्क सोडून देतात. तुकडा हरवला तर हरवला, पुढचं ऐका.

संग्रहालयांना हा मार्ग नवा नाही. १९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने प्रेक्षकांच्या हाती छोटे रेडिओ रिसीव्हर दिले. दालनाभोवती तारेचं एक कडं टाकलेलं होतं. टेपरेकॉर्डरवर वाजणारं व्याख्यान त्या कड्यातून लघुलहरींवर पसरत असे आणि कडं जिथवर होतं तिथवरच ते ऐकू येई. संग्रहालयांतल्या आजच्या ऑडिओ गाईडचा तो पूर्वज. गंमत अशी की टेप एकच असल्याने सगळ्यांना एका क्षणी एकाच चित्राबद्दल ऐकू यायचं आणि कानाला यंत्र लावलेली सगळी मंडळी एकाच तालात या चित्राकडून त्या चित्राकडे सरकायची. पुढे ऑडिओ गाईड प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र झाला. चालत्या गटाला मात्र अजूनही तेच हवं असतं, सगळ्यांना एकच, एकाच वेळी.

ही यंत्रं युरोपात इतकी रुळली यामागे सोय आहे तशी सक्तीही आहे. छत्री उंच धरून ओरडणारे दहा गाईड एका दालनात आले की काय होतं, याचा अनुभव संग्रहालयांना पुरेपूर आहे. व्हॅटिकनच्या संग्रहालयात गटांना कानातली यंत्रं घ्यावीच लागतात. व्हेनिसने २०२४ मध्ये गाईडांचे ध्वनिवर्धक बंद केले आणि गटाला पंचवीस माणसांची मर्यादा घातली. सिस्टिन चॅपेलमध्ये तर बोलायलाच मनाई आहे. म्हणून गाईड मंडळी आधी पिन्या नावाच्या चौकात, ब्राँझच्या भल्यामोठ्या पाइनच्या फळाजवळ, मायकेलअँजेलोच्या छताचे फलक दाखवून सगळं समजावून घेतात आणि चॅपेलमध्ये गप्प राहतात.

आपल्या छत्तीस जणांच्या गटाला आता याच चौकात उभं करू, कारण यंत्राची खरी परीक्षा इथून सुरू होते.

युरोपात अशा यंत्रांसाठी ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा आहे. अट एवढीच की ट्रान्समीटरची ताकद १० मिलिवॉटच्या वर नसावी. ही ताकद किती, याचा अंदाज हवा असेल तर खिशातला फोन पाहा. फोर-जी फोन लागेल तेव्हा २०० मिलिवॉटपर्यंत जातो, म्हणजे वीसपट. एवढ्याशा शक्तीवर मोकळ्या जागेत सुमारे शंभर मीटरपर्यंत आवाज नीट जातो. दगडी भिंती आणि माणसांची गर्दी मध्ये आली की तो पल्ला झपाट्याने आखडतो.

पट्टा दोनच मेगाहर्ट्झ रुंद आहे. साध्या एफएमच्या एका वाटेला ०.२ मेगाहर्ट्झ धरले तर कागदावर दहा वाटा बसतात. यंत्रावर आठ-दहा नंबर दिसतात ते यातूनच. चौकात मात्र त्याच वेळी वीस-पंचवीस गट उभे असू शकतात. म्हणजे आठ नंबर आपल्याप्रमाणे आणखी कोणीतरी घेतलेला असण्याची शक्यता भरपूर.

मग काय होतं? दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेले ऐकू येतील असं वाटतं. एफएममध्ये तसं होत नाही. एफएम रिसीव्हर थोड्याशाही जास्त जोरदार लहरीला धरतो आणि दुसरीला जवळजवळ पुसून टाकतो. म्हणून आपल्या गाईडबाई जवळ आहेत तोवर सगळं ठीक असतं. गटाच्या शेपटाला रेंगाळणाऱ्या आजी मात्र शेजारच्या स्पॅनिश गाईडच्या जवळ जाऊन पोचलेल्या असतात. राफाएलबद्दलचं वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि पुढचं वाक्य खणखणीत स्पॅनिशमध्ये येतं. आजींना वाटतं यंत्र बिघडलं. यंत्र अगदी ठणठणीत असतं. आवाज स्वच्छ, पण भाषा भलतीच, हे एकाच वाटेवर दोन गाईड असल्याचं लक्षण आहे आणि त्यावर उपाय एकच, सगळ्या गटाने नंबर बदलायचा. म्हणूनच अनुभवी टूर मॅनेजर आत शिरण्यापूर्वीच पर्यायी नंबर सांगून ठेवतो: "आवाज बदलला की सगळे पाचवर." आतल्या गर्दीत छत्तीस जणांना ते नव्याने सांगायचं कसं? ज्या यंत्रातून सांगायचं तेच तर स्पॅनिश बोलत असतं.

डिजिटल यंत्रांत हा घोटाळा बराच कमी होतो, कारण रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरची खूण ओळखतो आणि परक्या आवाजाला दार उघडत नाही. पण हवेतली धडक टळत नाही. तिथे स्पॅनिशऐवजी शब्द तुटतात, अर्धं वाक्य गायब होतं किंवा निव्वळ शांतता पसरते. या दोन प्रकारांत डावंउजवं करायचं तर साधं एफएम निदान बिघाड काय आहे ते बोलून दाखवतं. डिजिटल मुकं होतं आणि दोष बॅटरीचा, नंबराचा की गर्दीचा, हे ज्याचं त्याने शोधायचं.

याहून चकवणारा प्रकार दोन गाईड अगदी खांद्याला खांदा लावून उभे राहिले की घडतो. मराठी गटांत तो घरच्या घरीच होऊ शकतो. इटलीत स्थानिक परवानाधारक गाईड इंग्रजीत बोलते आणि काही टूर मॅनेजर ज्येष्ठ मंडळींसाठी दुसऱ्या ट्रान्समीटरवरून मराठीत सारांश देतात. समजा गाईडबाई ८६३.३ वर आहेत आणि मॅनेजर ८६३.९ वर. दोन ट्रान्समीटर हातभर अंतरावर आले की एकाची लहर दुसऱ्याच्या यंत्रात शिरते आणि तिथे हिशेबाबाहेरची तिसरी लहर जन्मते. तिचा हिशेब अगदी शाळकरी आहे. एकीची दुप्पट करायची आणि दुसरी वजा करायची. ८६३.९ ची दुप्पट १७२७.८. त्यातून ८६३.३ वजा केले की ८६४.५ उरतात. आणि नेमका ८६४.५ वर त्याच कोपऱ्यात एखादा जर्मन गट असेल तर त्या बिचाऱ्यांच्या कानात शिट्टी, घरघर आणि मराठी-इंग्रजीचा काला सुरू होतो. गाईडबाई आणि मॅनेजर चार पावलं लांब झाले की सगळं आपोआप थांबतं. जागेवर अवलंबून येणारी-जाणारी घरघर ही या बिघाडाची ओळख.

म्हणून एकाच ठिकाणी वापरायच्या वाटा समान अंतरावर ठेवायच्या नसतात. ८६३.३, ८६३.९, ८६४.५ अशी नीटनेटकी पायऱ्यांची रांग दिसायला छान, पण तिथे पहिल्या दोघींचं भूत बरोबर तिसरीच्या मानगुटीवर बसतं. ८६३.१, ८६३.५ आणि ८६४.७ अशा वेड्यावाकड्या निवडल्या तर तिघींची भुतं रिकाम्या जागी पडतात. दहा वाटांच्या पट्ट्यात एका जागी खात्रीने चालणाऱ्या वाटा निम्म्याहून कमी भरतात त्या यामुळे. चांगल्या यंत्रांत हा हिशेब कारखान्यातच करून नंबर ठरवलेले असतात. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकत्र आली की तो हिशेब अर्थातच मोडतो.

चौकातून गट आत जातो आणि नकाशांच्या दालनात पोचतो. १५८० च्या सुमारास इन्यात्सियो दान्ती याच्या देखरेखीखाली रंगवलेले इटलीचे चाळीस नकाशे दोन्ही भिंतींवर आहेत. दालन १२० मीटर लांब आणि जेमतेम सहा मीटर रुंद. गर्दीच्या दिवसात तिथे चालणं म्हणजे आषाढीच्या दिवसांत दर्शनबारीत सरकणं. गाईडबाई चाळीस मीटर पुढे गेल्या, मधे दीडशे माणसं. माणसाचं शरीर बहुतांशी पाण्याचं आणि पाणी रेडिओलहरी गिळतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची आहे आणि माणसाच्या धडामागे तिची चांगलीच सावली पडते. ८६४ मेगाहर्ट्झची लहर पस्तीस सेंटिमीटरची, ती माणसांना थोडी वळसा घालून जाते. फरक रात्रंदिवसाचा नसला तरी अशा गर्दीत पाच-दहा मीटरसुद्धा कामी येतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे ब्लूटूथ, असं समीकरण अनेकांच्या डोक्यात असतं. तसं नाही. हा पट्टा बहुतेक जगात परवान्याशिवाय मोकळा असल्यामुळे गाईडांची कित्येक यंत्रंही त्याच पट्ट्यात चालतात आणि ती ब्लूटूथ नसतात. वाहिनी तीच, वागण्याची रीत वेगळी. ती पेअरिंग मागत नाहीत, पोचपावती मागत नाहीत आणि छत्तीस काय, तीनशे साठ रिसीव्हर लावले तरी ट्रान्समीटरवर कणभर भार वाढत नाही. दुकानदार यंत्र विकताना "वायरलेस २.४" एवढंच सांगतो तेव्हा घेणाऱ्याने खरा प्रश्न विचारायचा तो हा की एकाला जास्तीत जास्त किती रिसीव्हर चालतात. उत्तर "कितीही" असेल तर ते एकेरी प्रसारण. उत्तर दोन, चार, सात असं आलं, तर आत हजेरी घेणारे मास्तर बसलेत.

नकाशांच्या दालनात आणखी एक उपद्रव असतो आणि तो पर्यटक स्वतःच खिशात घेऊन आलेले असतात. युरोपातल्या फोर-जीचा एक मोठा पट्टा असा आहे की त्यात फोन टॉवरकडे बोलतात ते ८३२ ते ८६२ मेगाहर्ट्झवर. गाईडांचा पट्टा ८६३ पासून सुरू होतो. मधे एका मेगाहर्ट्झचं कुंपण. जाड दगडी भिंतींच्या आत टॉवरचा सिग्नल क्षीण होतो, तेव्हा फोन आवाज चढवावा तशी आपली ताकद वाढवतो. आता नक्षीदार सोनेरी छताचा व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चढवणारा फोन छातीच्या खिशात आहे आणि त्याच छातीवर गळ्यातला रिसीव्हर लोंबतोय. शेजारून येणारी आरोळी वीसपट ताकदीची आणि चाळीस मीटरवरची गाईड १० मिलिवॉटची. कानात ठरावीक तालावर तडतड किंवा तुकडे ऐकू येऊ लागतात. फोन दुसऱ्या खिशात टाकला किंवा अर्धा मीटर लांब धरला की आवाज स्वच्छ होतो. हा उपाय फुकट आहे, पण कोणी सांगत नाही.

असाच आणखी एक फुकटचा उपाय इअरफोनच्या तारेचा. साध्या रिसीव्हरांमध्ये पुष्कळदा ही तारच अँटेनाचं काम करते. नीटनेटक्या स्वभावाची मंडळी तार लोंबकळू नये म्हणून ती गुंडाळून रबरबँड लावतात आणि मग "माझंच यंत्र कसं वाईट" म्हणून हळहळतात. तार मोकळी सोडायची.

बिघाड कुणाकडे आहे हे ओळखायला टूर मॅनेजर एक सोपी कसोटी वापरतात. एकालाच ऐकू येत नसेल तर दोष त्याच्या रिसीव्हरचा: बॅटरी, नंबर, आवाजाचं चाक, नाहीतर हुक. सगळ्यांनाच ऐकू येत नसेल तर गाईडकडे पाहायचं. बहुतेक वेळा तिने कुणाशी तरी खासगी बोलताना मायक्रोफोन बंद केलेला असतो आणि तो पुन्हा चालू करायचा राहिलेला असतो. उलटा प्रकारही होतो. चालू राहिलेल्या मायक्रोफोनसह गाईड स्वच्छतागृहात गेल्याचे किस्से या धंद्यात प्रत्येकाकडे असतात. एकेरी प्रसारणात श्रोते "अहो, चालू आहे" असं तिला यंत्रातून कळवू शकत नाहीत. छत्तीस जण फक्त निमूट ऐकतात किंवा कान काढून ठेवतात.

श्रोत्याला उत्तर देता येत नाही, याचा त्रास प्रश्नोत्तरांतही होतो. मागून कोणी "हे रंग खरे सोन्याचे का?" विचारलं, तर प्रश्न गाईडला आणि शेजारच्या दोघांना ऐकू येतो, उरलेल्यांना फक्त उत्तर. "हो, पण सगळीकडे नाही" हे ऐकून बाकीचे बुचकळ्यात. अनुभवी गाईड म्हणून आधी प्रश्न स्वतःच्या तोंडून पुन्हा सांगते, मग उत्तर देते. उलट बोलण्याची सोय असलेली दुहेरी यंत्रं बाजारात आहेत. कारखान्यांच्या भेटींत, यंत्रांच्या खडखडाटात ती उपयोगी पडतात. पर्यटकांच्या गटात मात्र छत्तीस जणांना बोलायचं बटण देण्याचं धाडस सहसा कोणी करत नाही, आणि ते योग्यच आहे.

चुकामूक होण्याच्या वेळी या मर्यादेतूनच एक सोय निघते. आवाज खरखरू लागला की गटापासून लांब गेलो, हे वेगळं सांगावं लागत नाही. अदृश्य दोरीचं टोक ताणल्यासारखं ते जाणवतं. चांगल्या गाईड सुरुवातीलाच बजावतात की आवाज तुटायला लागला तर पुढे पळू नका, जिथे शेवटचा स्वच्छ ऐकला होता तिथे परत या आणि झेंडा शोधा. एकच कान झाकणारा हुकही याच विचाराने दिलेला असतो. दुसरा कान रस्त्यावरच्या गाडीसाठी आणि सोबत्याच्या हाकेसाठी मोकळा हवा.

गेल्या काही वर्षांत ब्लूटूथवाल्यांनाही कीर्तनकार व्हावंसं वाटू लागलं आहे. २०२० च्या जानेवारीत ब्लूटूथच्या नव्या ध्वनिपद्धतीची घोषणा झाली आणि तिच्या प्रसारण-शाखेला २०२२ मध्ये ऑराकास्ट हे नाव मिळालं. यात ट्रान्समीटर कोणाशीही पेअर होत नाही, पावती मागत नाही, श्रोत्यांची संख्या मोजत नाही. पावती नाही म्हणून प्रत्येक तुकडा आपणहून दोन-तीनदा पाठवला जातो, बुवा ध्रुपद पुन्हा पुन्हा घेतात तसा. एकदा चुकलं तरी पुढच्या खेपेला कानावर पडतं. उशीरही जुन्या ब्लूटूथपेक्षा बराच कमी करता येतो. फोनवर आसपासच्या प्रसारणांची यादी दिसते, त्यातून आपल्या गटाचं नाव निवडायचं. गाईडने कुलूप लावलं असेल तर सांकेतिक शब्द घालायचा. म्हणजे त्या शाळकरी पोरीचा प्रश्न चुकीचा नव्हता, थोडा लवकर विचारला गेला होता.

तरी पेटी इतक्यात माळ्यावर जाणार नाही. ऑराकास्ट ऐकायला इअरबड्स त्या पद्धतीचेच लागतात, जुने चालत नाहीत. गटातल्या छत्तीस जणांकडे छत्तीस तऱ्हेचे फोन असतात आणि त्यातल्या दहा जणांना यादी कुठे उघडायची हे दाखवण्यात सकाळ जाईल. शिवाय लहर तीच २.४ गिगाहर्ट्झची आहे. नकाशांच्या दालनातली माणसं तिलाही तितकीच गिळणार. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी मात्र हा बदल मोलाचा आहे. आज कानात यंत्र असलेल्या आजोबांना हुक घालायला ते काढून ठेवावं लागतं. नवी श्रवणयंत्रं थेट प्रसारण पकडू लागली की ती कसरत संपेल.

युरोपातून परतताना एखाद्या हौशी मॅनेजरला वाटतं की हाच संच विकत घेऊन अजिंठ्याला किंवा रायगडावर वापरावा. तिथे कायदा आडवा येतो. भारतात परवान्याशिवाय मोकळा असलेला पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे युरोपातला गाईडांचा पट्टा जिथे संपतो तिथे आपला सुरू होतो. शिवाय परदेशातून वायरलेस उपकरण आणायचं तर दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते. त्यामुळे इथे २.४ गिगाहर्ट्झची यंत्रं घेणं सोपं पडतं. तो पट्टा आपल्याकडे २००५ पासून मोकळा आहे. आणि रायगडावर व्हॅटिकनसारखी गर्दी नसते. तिथे प्रश्न निराळा, वाऱ्याचा. मायक्रोफोनवरची स्पंजची टोपी हरवली असेल तर होळीच्या माळावर छत्तीस जणांना शिवरायांच्या कथेऐवजी फक्त सुसाट वारा ऐकू येतो.

व्हॅटिकनमधली फेरी दुपारी संपते. गट बसपाशी येतो, पेटी पुन्हा उघडली जाते आणि रिसीव्हर आपापल्या खाचांत बसू लागतात. खाचा छत्तीस, यंत्रं पस्तीस. ट्रान्समीटरला विचारून उपयोग नाही. दिवसभर कोण ऐकत होतं हे त्याला कधीच माहीत नव्हतं. मॅनेजर बसमध्ये चढतो आणि एकेका सीटपाशी थांबून विचारू लागतो, "काकू, जरा पर्समध्ये बघता का?"